विमा खर्चात दडलेली उचल

भागीदारीच्या करारनाम्यात नफावाटपाबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम १३ लागू होतं. कायदा सरळ निम्मं-निम्मं करून मोकळा होतो. कोणी भांडवल जास्त घातलं, कोण दिवसभर गल्ल्यावर बसतं, हे तो विचारत नाही. भांडवलावर व्याज नाही आणि राबणाऱ्याला पगारही नाही.

सांगलीत दोन भावांचं हार्डवेअरचं दुकान आहे असं समजा. थोरल्याचं भांडवल १२ लाख, पण तो दुकानात फारसा फिरकत नाही. धाकट्याचे ४ लाखच, मात्र शटर तोच उघडतो आणि तोच लावतो. म्हणून त्यांनी करारात लिहून ठेवलं: भांडवलावर ८ टक्के व्याज, धाकट्याला महिना २५ हजार पगार, उचलीवरही ८ टक्के व्याज, आणि उरलेला नफा निम्मा-निम्मा.

मार्चअखेर हिशेबनिसाने नफा काढला ७ लाख ८० हजार. आकडेमोड इथूनच सुरू करण्याचा मोह होतो. पण खतावणी चाळताना विमा खर्चाचं पान खटकलं. दुकानाच्या आगीच्या विम्याचे दरवर्षी १८ हजार जातात, यंदा तिथे १ लाख ३८ हजार. व्हाउचर काढून पाहिलं, तर १ ऑक्टोबरला थोरल्याच्या स्वतःच्या आयुर्विम्याचा १ लाख २० हजारांचा हप्ता दुकानाच्या चेकने भरलेला. लबाडी कोणाचीच नव्हती. ‘विमा’ हा शब्द पाहून नोंद विमा खर्चात गेली, एवढंच. पण तो दुकानाचा खर्च नव्हे, थोरल्याची उचल आहे. घराचं वीजबिल, किराणा, दुकानातून घरी नेलेले रंगाचे डबे, यांचंही असंच होतं. एखाद्या खर्चाच्या खात्याचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा अचानक फुगला, की व्हाउचर पाहावंच.

दुरुस्तीनंतर नफा झाला ९ लाख. त्यातून आधी व्याज द्यायचं: थोरल्याला ९६ हजार, धाकट्याला ३२ हजार. मग धाकट्याचा वर्षाचा पगार ३ लाख.

आता उचलीवरचं व्याज. हे भागीदार दुकानाला देतात, म्हणून ते नफ्यात मिळवायचं. थोरल्याची रक्कम ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने बाहेर होती, त्याचे ४,८०० रुपये. धाकटा दर महिन्याच्या एक तारखेला २० हजार उचलतो. एप्रिलची रक्कम बारा महिने बाहेर राहते, मार्चची एकच महिना. सरासरी निघते साडेसहा महिने. वर्षाच्या २ लाख ४० हजारांवर साडेसहा महिन्यांचं व्याज होतं १०,४००. मात्र हा सोपा हिशेब रक्कम आणि तारीख ठरलेली असेल तरच चालतो. कधी पाच हजार, कधी पंधरा असं असेल, तर रोजकीर्दीतली प्रत्येक तारीख धरावी लागते.

वाटायला उरले ४ लाख ८७ हजार २००, म्हणजे प्रत्येकी २,४३,६००. व्याज-पगार मिळवून आणि उचलीचं व्याज वजा करून थोरल्याच्या वाट्याला ३,३४,८०० आले, धाकट्याच्या ५,६५,२००. बेरीज बरोबर ९ लाख. ती जुळली नाही तर कुठेतरी चुकलंय. यातून आपापली उचल वजा केली, की थोरल्याच्या खात्यात २,१४,८०० आणि धाकट्याच्या खात्यात ३,२५,२०० शिल्लक वाढते. वर्षभर खिशात गेलेली उचल आणि हा हिस्सा वेगळे, हे लक्षात न आल्याने घरोघरी कुरबुरी होतात. धाकट्याचे महिना २० हजार ‘पगार’ म्हणून खर्चात पडले आणि वर्षअखेरी पुन्हा ३ लाख पगार जमा झाला, तर तेच पैसे त्याला दोनदा मिळाल्यासारखे होतात.

आणि ते विम्याचं पान तसंच राहिलं असतं तर? धाकट्याचे ६२,४०० रुपये कमी झाले असते: हप्त्याचा अर्धा भाग आणि त्यावरच्या व्याजाचा अर्धा भाग.

वर्ष वाईट गेलं तर गणित उलटतं. भांडवलावरचं व्याज कायद्याने फक्त नफ्यातूनच मिळतं. करारात पगार हा दुकानाचा खर्च मानला असेल आणि पगारापूर्वीचा नफा अडीच लाखच असेल, तर ३ लाख पगारानंतर ५० हजार तोटा उरतो. थोरल्याला १२ लाखांवर एक पैसाही व्याज नाही, वर २५ हजारांचा तोटा. पगार खर्च धरायचा की नफ्यातला वाटा, हे करारात स्पष्ट लिहायला हवं ते यासाठी.

प्राप्तिकराचं वेगळं बंधन आहे. भागीदाराला दिलेलं १२ टक्क्यांपर्यंतचंच व्याज फर्मला वजावट म्हणून मिळतं. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून पगार आणि व्याज मिळून वर्षाला २० हजारांवर गेले, की फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो, पैसे हातात न देता खात्यात जमा केले तरीही. या हिशेबात धाकट्याचे ३३,२०० आणि थोरल्याचे ९,६०० कापले जातील. नफ्याच्या हिश्शावर ही कपात नाही.

ताळेबंदावर सही करण्याआधी प्रत्येक भागीदाराने स्वतःच्या उचल खात्याचा उतारा मागून घ्यावा आणि तो बँकेच्या पासबुकाशी ओळीने ताडून पाहावा.