पॅरिटी जुळली, तरी किंमत चुकली

एका शेअरचा भाव आज ४२ डॉलर आहे. सहा महिन्यांनी तो ४० डॉलरना विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल ऑप्शन, आणि त्याच भावाला विकण्याचा हक्क म्हणजे पुट. व्याजदर वर्षाला १० टक्के आणि भावाची चंचलता २० टक्के धरली, तर या हक्कांची किंमत किती? टोरोंटो विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हल यांच्या पाठ्यपुस्तकातलं हे उदाहरण जगभरच्या वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सोडवलेलं आहे. उत्तर : कॉल ४.७६, पुट ०.८१ डॉलर.

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली मांडलेलं सूत्र संगणकात बसवायला दहाबारा ओळी पुरतात. पण चुकीचं सूत्रही तितक्याच सहज आकडा देतं आणि तो दिसायला अगदी खरा असतो. ४.२९ बघून कुणालाही शंका येणार नाही. म्हणून फंक्शनसोबत युनिट टेस्ट लिहितात. युनिट टेस्ट म्हणजे एवढ्याच तुकड्याला ठरावीक प्रश्न विचारून उत्तर आपोआप ताडून पाहणारा छोटा प्रोग्राम.

यातली एक तपासणी फार देखणी आहे. कॉल विकत घेतला आणि त्याच भावाचा पुट विकला, तर मुदतीच्या दिवशी शेअरचा भाव काहीही असो, ४० डॉलर मोजून शेअर आपल्याकडे येणारच. भाव वर गेला तर आपण हक्क वापरतो, खाली आला तर समोरचा आपल्या गळ्यात शेअर मारतो. म्हणजे या जोडीची आजची किंमत ही शेअरचा भाव वजा ४० डॉलरची आजची किंमत. सहा महिन्यांनंतरचे ४० म्हणजे आजचे ३८.०५. ४२ मधून ते वजा केले की ३.९५ उरतात, आणि ४.७६ वजा ०.८१ हेही ३.९५ च. यालाच पुट-कॉल पॅरिटी म्हणतात. इथे उत्तर आधी माहीत असण्याची गरज नाही, त्यामुळे हवे तितके आकडे घालून ती तपासता येते.

खरी गोम पुढे आहे. समजा, प्रोग्रामरने मुदतीचं वर्गमूळ घ्यायचं विसरून `sigma*sqrt(T)` ऐवजी `sigma*T` लिहिलं. मग कॉल ४.२९ आणि पुट ०.३४ येतो. दोन्ही चूक. फरक मात्र ३.९५ च!

हा योगायोग नाही. सूत्रात `d1` आणि `d2` असे दोन मधले आकडे असतात. कॉलमध्ये `N(d1)` येतो, पुटमध्ये `N(-d1)`, आणि `d1` काहीही असला तरी या दोघांची बेरीज १ होते. `d2` चंही तसंच. त्यामुळे वजाबाकीत ते दोन्ही आकडे गळून पडतात आणि त्यांच्यातली चूकही त्यांच्यासोबत गळते. पॅरिटी पकडते ती चिन्हांची अदलाबदल, किंवा ४० डॉलरवरचं व्याज वजा करायचं राहिल्याची चूक. तसं राहिलं तर फरक ३.९५ ऐवजी २ येतो. पुटची किंमत पॅरिटीवरूनच काढणारं फंक्शन असेल, तर ही टेस्ट स्वतःलाच शाबासकी देते. तिचा उपयोग शून्य.

म्हणून ज्ञात उत्तर लागतंच, आणि तेही निवडून. इंटरनेटवर सर्रास सापडणारं उदाहरण असतं भाव १००, स्ट्राइक १००, मुदत एक वर्ष. ५ टक्के व्याज आणि २० टक्के चंचलतेला कॉल १०.४५. पण एकाचं वर्गमूळ एकच, त्यामुळे वरची चूक इथे लपते. भाव आणि स्ट्राइक समान असल्याने त्यांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम शून्य होतो. गुणोत्तर उलटं लिहिलं तरी कळत नाही. हल यांच्या ४२, ४० आणि अर्ध्या वर्षात या दोन्ही चुका उघड्या पडतात.

```python
from math import exp

def test_hull():
    c = price("call", S=42, K=40, T=0.5, r=0.10, sigma=0.20)
    p = price("put",  S=42, K=40, T=0.5, r=0.10, sigma=0.20)
    assert abs(c - 4.76) < 0.005
    assert abs(p - 0.81) < 0.005
    assert abs((c - p) - (42 - 40*exp(-0.05))) < 1e-10
```

सूट दोन ठिकाणी वेगळी आहे, कारण पुस्तकातलं उत्तर दोनच दशांश स्थळांचं आहे. पॅरिटीत मात्र दोन्ही बाजू संगणकच मोजतो. तिथे पैशाचीही सूट देऊ नये.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. ही समानता युरोपियन ऑप्शनची, म्हणजे फक्त शेवटच्या दिवशी वापरता येणाऱ्या हक्काची आहे, आणि मुदतीत लाभांश नसेल तेव्हाची. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन आहेत. अमेरिकन ऑप्शन मुदतीआधीही वापरता येतो. तिथे समानतेच्या जागी फक्त वरची आणि खालची मर्यादा उरते, आणि ही टेस्ट अचूक फंक्शनलाही नापास करते.