दत्तक की पालकत्व?

नाशिकचं एक जोडपं समजू या. तो ४४ वर्षांचा, ती ४० वर्षांची. त्यांना दोन वर्षांच्या आतलं बाळ दत्तक घ्यायचं आहे. अशा वेळी नियम दोघांच्या वयांची बेरीज पाहतात. इतक्या लहान बाळासाठी ती ८५ च्या वर चालत नाही. यांची ८४ भरते. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात, त्यामुळे आणखी वर्षभर विचारात घालवलं असतं तर बेरीज ८६ झाली असती आणि दोन वर्षांवरच्या मुलासाठीच नाव नोंदवावं लागलं असतं.

नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. मग समाजसेविका घरी येते, दोघांशी बोलते, अहवाल लिहिते. त्यानंतर प्रतीक्षा, आणि ती लांबतेच. नंबर लागला की बाळाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल येतो, आणि ४८ तासांत होकार कळवावा लागतो. पुढे संस्थेत भेट होते, बाळ घरी येतं आणि जिल्हाधिकारी दत्तकाचा आदेश देतात. सप्टेंबर २०२२ पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे.

या वाटेनं फक्त बालकल्याण समितीनं ‘मुक्त’ ठरवलेलं मूलच मिळतं. आईनं बाळ समितीच्या स्वाधीन केलं, तरी तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. म्हणूनच कुणी ओळखीनं प्रसूतिगृहातून बाळ मिळवून देतो, स्टँप पेपरवर लिहून घेऊ म्हणाला, तर तिथेच थांबावं. असा कागद म्हणजे दत्तक नव्हे आणि असा व्यवहार गुन्हा ठरू शकतो.

आता याच जोडप्याची सात वर्षांची पुतणी पोरकी झाली, तर? १८९० च्या कायद्याखाली न्यायालय काकांना तिचे पालक नेमू शकतं. ते तिला शाळेत घालतील, तिच्या शस्त्रक्रियेला संमती देतील. पण तिच्या नावावरचा फ्लॅट न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकणार नाहीत. ती अठरा वर्षांची झाली की पालकत्व संपतं. काकांच्या मालमत्तेत मुलगी म्हणून तिला वाटा मिळत नाही. द्यायचा तर मृत्युपत्र करावं लागतं.

दत्तक घेतली तर ती त्यांची मुलगीच होते, वारसाहक्कासह आणि कायमची. नात्यातल्या दत्तकालाही कायद्यात वाट आहे. आईवडील हयात नसतील तर बालकल्याण समितीची परवानगी लागते, आणि मुलगी पाच वर्षांवरची असल्यानं तिची स्वतःची संमतीही. आधीच तिच्या नावावर झालेली मालमत्ता तिचीच राहते, मात्र जन्मदात्या घराशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं.

म्हणून आई हयात आहे, पण आजारी असल्यानं सांभाळू शकत नाही, अशा वेळी पालकत्वाचा विचार आधी करावा. त्यात मुलीची आई तिचीच राहते.