वाक्यांची शेपटं वाचा, काळ कुठे घसरला ते कळेल

आठवणी लिहून पाठवणाऱ्यांच्या मजकुरात एक चूक हमखास दिसते. गोष्ट भूतकाळात सुरू होते आणि मध्येच वर्तमानात शिरते. नमुन्यादाखल हा परिच्छेद बघा :

'पहाटे आम्ही बेळगावहून निघालो. खानापूरला बस थांबली. मी खाली उतरतो आणि चहा घेतो. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "तुमचे वडील माझे जुने गिऱ्हाईक आहेत." वडील दोन वर्षांपूर्वीच वारले होते. मी काहीच बोलत नाही. बसमध्ये येऊन बसलो. खानापूर मलप्रभेच्या काठावर आहे. पुलावरून नदी दिसली.'

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. म्हणून फक्त शेपटं वाचत खाली या : निघालो, थांबली, उतरतो, घेतो... इथेच ठेच लागते. 'नाही' आलं की त्याच्या आधीचा शब्द बघायचा. 'घेतले नाहीत' हा भूतकाळ, 'बोलत नाही' हा वर्तमान. नुसत्या 'नाही'वरून काळ कळत नाही.

वर्तमानकाळ सापडला की विचारायचं, याला काही कारण आहे का? 'उतरतो', 'घेतो' आणि 'बोलत नाही' यांना काहीच कारण नाही. ही कामं त्याच पहाटेची, निघण्या-थांबण्याच्याच ओळीतली. ती बदलायची. 'काठावर आहे' मात्र राहू द्या. गाव आजही तिथेच आहे.

आता चहावाल्याचं वाक्य. सगळं भूतकाळात करायच्या भरात कुणी तिथे 'गिऱ्हाईक होते' केलं, तर गोष्टच मरते. 'आहेत' म्हणजे वडील गेल्याचं त्याला माहीतच नाही. लेखक गप्प का राहिला, ते त्या एका शब्दात आहे. बोलणाऱ्याच्या तोंडचा काळ त्याचाच ठेवायचा. 'वारले होते' हेही बरोबर. ते त्या पहाटेच्या आधी घडलेलं आहे.

दुरुस्ती करताना नुसतं शेपूट बदलून भागत नाही. 'तो चहा घेतो'चं 'त्याने चहा घेतला' होतं, म्हणजे कर्ताही बदलतो. 'मी' तसाच राहतो, पण क्रियापद चहाप्रमाणे चालतं. आपल्याकडे बोलताना 'मी चहा घेतलो' सर्रास ऐकू येतं. लिहिताना 'मी चहा घेतला'.

तेव्हा मधली वाक्यं अशी होतील : 'मी खाली उतरलो आणि चहा घेतला.' 'मी काहीच बोललो नाही.' बाकी एका अक्षरालाही हात लावायचा नाही.

प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायला वर्तमानकाळ मुद्दाम वापरता येतो. पण मग उतरण्यापासून परत बसण्यापर्यंतचा सगळा तुकडा तसा हवा. इथे 'घेतो'नंतर लगेच 'घेतले नाहीत' आलंय. म्हणजे काळ निवडलेला नाही, घसरलेला आहे.