गाडी हलण्याआधी भरायचा टीडीआर

भुसावळच्या फलाटावर रात्री साडेदहाची गाडी धरायला आलेलं एक तिघांचं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. तिकीट ऑनलाइन काढलेलं, तिन्ही बर्थ कन्फर्म. गाडी पावणेदोनला येणार, असं फलकावर दिसतं. सकाळचं लग्न आता काही गाठता येणार नाही. चार्ट लागून गेल्यामुळे तिकीट रद्दही करता येत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो टीडीआर, म्हणजे तिकीट डिपॉझिट रिसीट.

गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि प्रवास केला नसेल, तर कन्फर्म तिकिटाचंही पूर्ण भाडं परत मिळतं. अट मात्र वेळेची आहे. आपल्या स्थानकावरून गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरलेला असला पाहिजे. बरेच जण निवांत घरी जातात, सकाळी मोबाइल उघडतात, आणि पैसे तिथेच बुडतात.

आयआरसीटीसीच्या खात्यात My Transactions मध्ये File TDR हा पर्याय असतो. तिथे पीएनआर निवडायचा, न गेलेल्या प्रवाशांवर खूण करायची आणि गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असल्याचं कारण निवडायचं. कारण अचूक निवडणं महत्त्वाचं, कारण मुदत आणि पुरावा दोन्ही त्यावरच ठरतात. इथे वेगळा दाखला लागत नाही. गाडी किती वाजता सुटली आणि बर्थ रिकामे होते का, हे रेल्वे स्वतःच्या नोंदींवरून पाहते.

एक धोका मात्र लक्षात घ्यावा. उशीर मोजला जातो तो आपण चढणार त्या स्थानकावरचा. गाडीने वाटेत वेळ भरून काढला आणि ती सव्वा वाजता सुटली, तर उशीर पावणेतीन तासांचाच भरतो आणि दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून उशीर जेमतेम तीन तासांच्या आसपास असेल, तर गाडीची ताजी स्थिती पाहत राहावं आणि मगच टीडीआर भरावा.

याच कुटुंबातले दोघं गेले आणि एक मागे राहिला, तर चित्र बदलतं. तेव्हा मुदत 72 तासांची असते, पण एक प्रवासी आलाच नाही असा टीटीईचा लेखी दाखला लागतो. तो गाडीतच, प्रवास चालू असताना मागून घ्यावा लागतो, आणि मूळ प्रत आयआरसीटीसीकडे टपालाने पाठवावी लागते. झेरॉक्स चालत नाही. मूळ प्रत हातची जाणार, म्हणून पाठवण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा.

गाडीच रद्द झाली, तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. खिडकीवर काढलेलं तिकीट असेल, तर मात्र स्थानकावरच जावं लागतं.

आजारपण किंवा चुकलेली गाडी ही प्रवाशाच्या बाजूची कारणं. त्यासाठी चार्टनंतर टीडीआर भरला, तरी कन्फर्म तिकिटाचे पैसे सहसा मिळत नाहीत.

दाव्याचा निर्णय आयआरसीटीसी नव्हे, तर संबंधित विभागीय रेल्वे घेते, त्यामुळे पैसे यायला दोन महिने किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. मंजूर झालेली रक्कम ज्या खात्यातून भाडं भरलं होतं, त्यातच जमा होते. सुविधा शुल्क त्यात धरलेलं नसतं.