तळटीप पुढच्या पानावर होती

शिरोलीच्या एका फाउंड्रीत आमच्या कंपनीचा स्क्रू कॉम्प्रेसर चालतो. तिथे गेलेल्या आमच्या सर्व्हिस इंजिनिअरने मोबाइलवर प्रश्न टाकला : या मॉडेलचं ऑइल किती तासांनी बदलायचं? सहा सेकंदांत उत्तर आलं, ‘४००० तास’. खाली मॅन्युअलचं नाव आणि पान क्रमांक ६१. त्याने ते पान उघडलं, तिथे ४००० होतंच. तसं त्याने ग्राहकाच्या कार्डावर लिहून दिलं.

संध्याकाळी तो रिपोर्ट आमच्या सर्व्हिस विभागातल्या सर्वांत जुन्या सुपरवायझरांच्या हाती पडला. सगळे त्यांना काका म्हणतात. ते थेट माझ्या टेबलाशी आले. “अहो, चार हजार तास स्वच्छ खोलीतले. फाउंड्रीत वाळू उडते. तिथे निम्मेच धरायचे. पुस्तकात लिहिलंय, बघा तुम्ही.”

पुस्तकात लिहिलं होतं, पान ६२ वर, तक्त्याखालच्या तळटिपेत. फाउंड्री दोन पाळ्यांत, दिवसाला सोळा तास चालते. ४००० तास म्हणजे २५० दिवस आणि २००० तास म्हणजे १२५. ऑइल दुप्पट काळ तसंच राहिलं असतं.

ही उत्तरं देणारी व्यवस्था मी बांधली होती. भाषेच्या मॉडेलला आमच्या मशिनांबद्दल काहीच ठाऊक नसतं, म्हणून प्रश्न आला की आधी कंपनीच्या कागदांत शोध घ्यायचा, सापडलेला मजकूर प्रश्नासोबत मॉडेलपुढे ठेवायचा आणि यातूनच उत्तर दे म्हणून सांगायचं. पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या शोधनिबंधात या पद्धतीला नाव दिलं, रिट्रिव्हल-ऑगमेंटेड जनरेशन. आम्ही सगळे ‘रॅग’ म्हणतो. शोधासाठी अख्खं पुस्तक चालत नाही, म्हणून त्याचे तुकडे करतात, त्यांना चंक म्हणतात. प्रत्येक चंकच्या आशयाचं एम्बेडिंग करतात, म्हणजे शेकडो आकड्यांची एक ओळ. प्रश्नाचीही तशीच ओळ बनते आणि तिच्याशी सर्वांत जवळचे चंक निवडले जातात. आम्ही पाच घ्यायचो.

लुईस यांच्या प्रयोगात विकिपीडियाचे शंभर शंभर शब्दांचे तुकडे केले होते. सलग परिच्छेदाला ते बऱ्यापैकी मानवतं. मशिनच्या मॅन्युअलला मानवत नाही, कारण तिथे अर्थ तक्त्यात असतो, आणि आकडा, त्याच्या रकान्याचं नाव आणि त्याची अट अशा तीन गोष्टी तीन जागी छापलेल्या असतात.

काका समोर बसले असतानाच मी त्या प्रश्नाची नोंद उघडली. मॉडेल काय म्हणालं ते मी आधी बघत नाही, त्याच्यापुढे कोणते कागद ठेवले होते ते बघतो.

```
1  0.83  manual_v4.pdf      p.61
2  0.81  install_guide.pdf  p.12
3  0.78  manual_v4.pdf      p.58
4  0.77  manual_v3.pdf      p.55
5  0.74  spares_list.pdf    p.9
```

पान ६२ पाचांत नव्हतंच. आमच्या चंकची कात्री नेमकी तक्ता आणि तळटीप यांच्या मधून गेली होती. एकटी पडलेली तळटीप एवढंच म्हणत होती : ‘धूळ असलेल्या जागी वरील मुदत निम्मी धरावी.’ त्यात ना ऑइल, ना कॉम्प्रेसर, ना मॉडेलचा नंबर. तिला प्रश्नाच्या जवळ आणणारं काहीच उरलं नव्हतं. मॉडेलने समोरचा कागद प्रामाणिकपणे वाचला होता, आणि पानाचा हवालाही खरा होता. म्हणूनच ही चूक पकडायला अवघड. धादांत खोटं उत्तर इंजिनिअरला लगेच खटकतं. खऱ्या पानाचं अर्धं उत्तर खटकत नाही.

दुरुस्ती सोपी होती, कंटाळवाणी होती. तक्त्याची प्रत्येक ओळ सुटं वाक्य करून लिहिली : अमुक मॉडेल, अमुक ऑइल, मुदत ४००० तास, धुळीच्या जागी निम्मी. रकान्याचं नाव आणि तळटीप प्रत्येक ओळीला चिकटवली.

ते काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “पण आता ४००० कुठंय? बुलेटिन निघालंय ना.”

सर्व्हिस बुलेटिनं आमच्या संग्रहात होती, सगळी चौदा. हवं ते मी शोधून काढलं. एका पानावर एकच ओळ : ‘तक्ता ७.२, ओळ ३ : ४००० ऐवजी ३००० वाचावे.’ सरकारी शुद्धिपत्रकं पाहिलेल्या कुणालाही ही भाषा ओळखीची वाटेल. माणूस हातात मूळ पुस्तक घेऊनच ती वाचतो, त्यामुळे त्याचं अडत नाही. एम्बेडिंगला मात्र त्या ओळीत ऑइलचा वासही येत नाही. कंपनीतला सर्वांत ताजा आणि सर्वांत अधिकृत कागद शोधाच्या लेखी कशाबद्दलचाच नव्हता. ज्याच्यावर काट मारली गेली होती ते जुनं पान मात्र प्रश्नाच्याच शब्दांत बोलत असल्यामुळे पहिलं येत होतं. जवळ असणं म्हणजे लागू असणं नव्हे, हे मला इतकं स्वच्छ त्या दिवशी दिसलं.

शब्दाला शब्द जुळवणारा जुना शोधही आम्ही जोडून पाहिला. मॉडेल नंबरांचा घोळ त्याने बराच कमी केला, कारण एका आकड्याने वेगळे असलेले दोन नंबर एम्बेडिंगला जवळपास सारखेच वाटतात. बुलेटिनपुढे मात्र तोही हतबल, कारण जुळवायला शब्दच नव्हते. शेवटी काका आणि मी दोन दुपारी बसलो. ते एकेक बुलेटिन वाचून कोणती ओळ रद्द झाली ते सांगत, आणि मी ती बदलत असे. फाउंड्रीचा खरा आकडा निघाला १५०० तास, म्हणजे जेमतेम ९४ दिवस.

त्यानंतर मी साठ प्रश्नांची वही केली. प्रत्येक प्रश्नापुढे काकांनी बरोबर पान लिहून दिलं. बदल केला की आधी एवढंच मोजतो : ते पान पहिल्या पाचांत आलं का? उत्तर बरोबर आहे का, हे त्यानंतर, वेगळं. दोन्ही एकत्र मोजलं की चूक शोधाची की वाचनाची ते कळत नाही. वाचनाचीही असते. तळटीप चिकटवलेला चंक समोर असूनही, प्रश्नात धुळीचा उल्लेख नसला की मॉडेल कधी कधी नुसतं ‘३०००’ लिहून मोकळं होतं. अट असेल तर ती सांगितलीच पाहिजे, अशी सूचना घातल्यावर हे कमी झालं, थांबलं नाही.

आणि वहीत काही प्रश्न असेही आहेत, ज्यांचं उत्तर आमच्या कुठल्याच कागदात नाही. शोध कधी रिकाम्या हाताने येत नाही, सर्वांत जवळचे पाच तो आणतोच. अमुक गुणांखालचे टाकून द्यावेत, असं मलाही सुचलं होतं. पण त्या पहिल्या चुकीच्या उत्तराच्या कागदाला ०.८३ गुण होते, आणि कित्येक बरोबर पानांना ०.७४ सुद्धा मिळत नाहीत. रेघ कुठेही ओढली तरी काहीतरी चुकीचं आत राहतं आणि काहीतरी बरोबर बाहेर जातं.

काकांनी डिझाइन विभागाला सांगून बुलेटिनची पद्धत बदलून घेतली. गेल्या आठवड्यात पंधरावं बुलेटिन आलं, पूर्ण वाक्यात : मॉडेल, ऑइलचं नाव, तास, धुळीची अट, आणि कोणता आकडा रद्द तेही. मी ते चढवलं आणि शिरोलीचाच प्रश्न पुन्हा टाकला. बुलेटिन दुसऱ्या क्रमांकावर आलं. पहिल्या क्रमांकावर होतं इन्स्टॉलेशन गाइडचं पान १२. तिथेही तोच तक्ता छापलेला आहे, आणि त्यातले ४००० आम्ही दोघांनीही खोडले नव्हते.