‘पाठ चांगला झाला’च्या पुढे

शिक्षकांच्या टाचणवहीत पाठाच्या शेवटी एक रिकामी जागा असते. कुठे तिच्यावर ‘चिंतन’ असं लिहिलेलं असतं, कुठे ‘स्वयंमूल्यमापन’, तर कुठे नुसतं ‘शेरा’. बी.एड.च्या सराव पाठांपासून ती जागा भरण्याची सवय लागते आणि बहुतेक वेळा तिथे एकाच वळणाची वाक्यं उतरतात : पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. शैक्षणिक साधनांचा वापर परिणामकारक ठरला. पुढच्या जूनमध्ये तोच घटक शिकवताना त्याच शिक्षकाने ही वही उघडली, तर या तीन वाक्यांवरून त्याला एकही तासिका बदलता येणार नाही.

उपयोगी पडेल अशी नोंद कशी दिसते, हे पाहण्यासाठी सहावीचा एक वर्ग नमुन्यादाखल घेऊ. वर्ग आणि त्यातले आकडे कल्पित आहेत. मुलांच्या चुका मात्र कोणत्याही शाळेत आढळतील अशा आहेत. घटक आहे दशांश अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर तीन जोड्या लिहिल्या : ०.३५ आणि ०.५, ४.६३ आणि ४.८, ०.७५ आणि ०.८. प्रत्येक जोडीतली मोठी संख्या कोणती, ते मुलांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं. ३६ मुलांपैकी २१ जणांनी ०.३५ ही मोठी ठरवली. कारण सरळ आहे : पस्तीस पाचापेक्षा मोठे. घरीदारी आपण ‘पॉइंट पस्तीस’ असंच म्हणतो, त्यामुळे दशांश चिन्हाच्या पलीकडची संख्या मुलांना एक वेगळी पूर्ण संख्याच वाटते.

पुढचे दोन दिवस बाईंनी एक मीटर लांबीची कागदी पट्टी वापरली. तिचे आधी दहा भाग केले, मग प्रत्येक भागाचे पुन्हा दहा. ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर आणि ०.३५ मीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर, हे मुलांनी स्वतः पट्टीवर बोट ठेवून पाहिलं. शिकवताना बाई एक वाक्य पुनःपुन्हा म्हणत होत्या : ‘जितके जास्त भाग, तितका प्रत्येक तुकडा लहान.’ तिसऱ्या दिवशी तशाच जोड्या पुन्हा दिल्या तेव्हा ३२ मुलांची सगळी उत्तरं बरोबर आली. वहीत नोंद झाली : ‘मीटरच्या पट्टीचा उपयोग झाला. पुढच्या वर्षीही हाच क्रम ठेवावा.’

ही नोंद प्रामाणिक होती, पण चुकीची होती.

तीन आठवड्यांनी घटक चाचणीत ५.७३६ आणि ५.६२ अशी जोडी आली. शेजारी ०.४५ आणि ०.३ होती. त्या ३२ मुलांपैकी ११ जणांनी ५.६२ आणि ०.३ या मोठ्या ठरवल्या. उत्तरं पाहून ही पोरं शिकलेलं विसरली असं कुणालाही वाटेल. बाईंनी त्यांना एकेक करून जवळ बोलावलं आणि फक्त ‘हे कसं ठरवलंस?’ एवढंच विचारलं. सात जणांचं उत्तर एकच होतं : ‘बाई, सहस्रांशाचे तुकडे बारीक असतात ना, मग ती संख्या लहान.’ तिघांनी १/३ आणि १/४५ यांच्याशी नातं जोडलं होतं. छेद मोठा तर अपूर्णांक लहान, तसंच इथेही असणार, असं त्यांनी धरलं होतं. एकाला कारण सांगता आलं नाही.

म्हणजे मुलं काहीच विसरली नव्हती. ‘लांब संख्या मोठी’ हा चुकीचा नियम टाकून त्यांनी ‘आखूड संख्या मोठी’ हा दुसरा चुकीचा नियम धरला होता, आणि त्याला आधार बाईंच्याच वाक्याचा होता. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशीच्या सगळ्या जोड्यांत योगायोगाने आखूड संख्याच मोठी होती. त्यामुळे नवा नियम वापरणाऱ्या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळत होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो विद्यार्थ्यांना अशाच जोड्या देऊन या दोन्ही समजुतींचा अभ्यास केला आहे. पहिली समजूत वरच्या वर्गांत कमी होत जाते, दुसरी मात्र बराच काळ टिकून राहते, असं त्यांना दिसलं.

आता बाईंची सुधारलेली नोंद पाहा : ‘पट्टीमुळे ०.३५ आणि ०.५ यांतला गोंधळ गेला (आधी २१ चूक, नंतर ३२ मुलांचं सगळं बरोबर). पण तपासणीच्या जोड्या एकाच प्रकारच्या होत्या. चाचणीत ११ मुलांनी ५.६२ मोठी ठरवली. कारण : तुकड्याचा आकार लक्षात राहिला, तुकडे किती ते मोजलं नाही. माझं वाक्य अर्धंच होतं.’ या पाच-सहा ओळींत काय जमलं, ते कशावरून कळलं आणि कुठपर्यंत जमलं, हे तिन्ही आहे. मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी टिपलेलं असलं तर फार मोलाचं ठरतं. आठवड्याने लिहायला बसलं की त्याचं ‘काही विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट झाली नाही’ असं होतं, आणि कारण हरवून जातं.

चिंतन मात्र चिंतनाच्या जागेतच राहिलं तर अर्धं काम झालं. बाईंनी त्याच बैठकीत पुढच्या वर्षाच्या नियोजनाचं पान काढलं आणि त्यात तीन ठिकाणी खुणा केल्या. पहिल्या दिवसाच्या चिठ्ठीत आता सहा जोड्या असतील : तीन आखूड मोठी असलेल्या, तीन लांब मोठी असलेल्या. पट्टीचा पाठ तसाच राहील, पण वाक्य पूर्ण होईल : तुकडा केवढा आणि तुकडे किती. त्यासाठी ०.६२ म्हणजे ६२० सहस्रांश आणि ०.७३६ म्हणजे ७३६ सहस्रांश, अशी एक तासिका वाढली. वाढलेली तासिका कुठून तरी काढावी लागते, नाहीतर नियोजन कागदावरच राहतं. बाईंनी रुपये-पैशांचा पाठ सुरुवातीतून काढून बेरजेच्या घटकात नेला. ३.५ रुपये मुलं ‘तीन रुपये पाच पैसे’ असं वाचतात आणि दशांश चिन्ह म्हणजे दोन वेगळ्या संख्यांमधली भिंत, ही समजूत त्यातून पक्की होते. ज्या गोष्टीने अडचण वाढते ती आधी शिकवण्यात अर्थ नाही.

पुढच्या वर्षी आलेल्या मुलांची गणितं मात्र वेगळी असू शकतात, आणि गेल्या वर्षीच्या नोंदीवर डोळे झाकून विसंबणं धोक्याचं असतं. म्हणूनच सहा जोड्यांची चिठ्ठी शिकवण्याआधी द्यायची. नव्या वर्गात ३४ मुलं होती. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे केल्यावर आठ मुलं एकही पाठ न होता ‘आखूड मोठी’ म्हणणारी निघाली. हे बाईंच्या वाक्यामुळे झालेलं असणं शक्यच नव्हतं. त्यांनी तारीख घालून वहीत तेवढंच लिहिलं, त्या आठ चिठ्ठ्या पानाला टाचल्या, आणि मधल्या सुट्टीत वही घेऊन त्या पाचवीच्या सरांकडे गेल्या. अपूर्णांकांचा छेद शिकवताना त्या वर्गात नेमकं कोणतं वाक्य म्हटलं जातं, हे विचारायला.