दिवा चालू ठेवण्यापलीकडचे मराठी

अमेरिकेतील मोटेल सिक्स या स्वस्त निवासगृहांच्या साखळीची सुरुवात 1962 साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे झाली आणि खोलीचे रात्रीचे भाडे सहा डॉलर ठेवल्यामुळे तिच्या नावातच तो आकडा आला. 1986 साली टॉम बोडेट या निवेदकाने तिच्या रेडिओ जाहिरातीच्या शेवटी उरलेले काही सेकंद भरून काढण्यासाठी संहितेत नसलेले एक वाक्य उच्चारले : ‘वुई’ल लीव्ह द लाइट ऑन फॉर यू.’ हेच वाक्य पुढे त्या साखळीचे घोषवाक्य झाले. ओयो या हॉटेल-साखळीच्या भारतीय मूळ कंपनीने 2024 मध्ये मोटेल सिक्स विकत घेण्याचा करार केल्यामुळे, हे वाक्य मराठीत आणायचे झाल्यास काय करावे लागेल, हा प्रश्न आता अगदीच दूरचा राहिलेला नाही.

शब्दाला शब्द ठेवला, तर ‘आम्ही तुमच्यासाठी दिवा चालू ठेवू’ असे निर्दोष व्याकरणाचे आणि निर्जीव अर्थाचे वाक्य हाती येते. मुळात हा दिवा घराबाहेरच्या ओसरीवरचा असून, घरातील एक माणूस अजून परतायचा आहे म्हणून इतरांनी झोपायला जाताना तो मुद्दाम न मालवता ठेवलेला असतो. तेव्हा वाक्याचा सारा जिव्हाळा ‘दिवा’ या नामात नसून ‘तसाच राहू देणे’ या क्रियेत आहे. मराठी ‘चालू ठेवू’मध्ये मात्र विजेच्या बिलाची आठवण आधी होते, शिवाय ‘चालू’ हे विशेषण माणसाला लागले की त्याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही. ‘दिवे लावणे’ हा पर्याय तर पराक्रमाच्या उपरोधिक कौतुकासाठी राखीव आहे. यांतून सुटण्यासाठी जो अनुवादक काव्यमय होऊन ‘तुमच्यासाठी दिवा तेवत ठेवू’ असे लिहील, तो सर्वांत मोठ्या अडचणीत सापडेल, कारण घरात मृत्यू झाल्यावर गेलेल्या माणसासाठी पुढचे काही दिवस दिवा अखंड तेवत ठेवण्याची प्रथा अनेक मराठी घरांत पाळली जाते, आणि मुक्कामाला निघालेल्या प्रवाशाला ती आठवण करून देणे कोणत्याच व्यवसायाला परवडणारे नाही.

अशा ठिकाणी ट्रान्सक्रिएशन, म्हणजे शब्द सोडून परिणाम राखणारे सर्जक रूपांतर, उपयोगी पडते. कोलकात्याचे कवी आणि प्रकाशक पी. लाल यांनी संस्कृत नाटकांच्या आपल्या इंग्रजी रूपांतरांसाठी वापरलेला हा शब्द आता जाहिरातीच्या व्यवसायात रुळला आहे. या कामात आधी मूळ वाक्याचे कार्य साध्या शब्दांत लिहून काढतात. येथे ते ‘उशिरा येणाऱ्याची घरच्यासारखी वाट पाहिली जाईल’ असे होईल. त्यानंतर, मराठी घर हेच कसे करते, हे शोधावे लागते. मराठी घरात ताट झाकून ठेवले जाते, दाराला कडी न घालता ते नुसते लोटून घेतले जाते आणि कोणीतरी जागे राहते.

यांपैकी झाकलेले ताट सर्वांत हृद्य असले तरी ते येथे चालणार नाही, कारण या निवासगृहांत रात्रीचे जेवण मिळत नाही. शिवाय बोलीत ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ खाण्याची जागा आणि राहण्याची जागा म्हणजे ‘लॉज’ असा भेद असल्यामुळे, ताटाचा उल्लेख होताच श्रोता या निवासगृहाला खाणावळ समजेल. लोटलेले दार घरी आपुलकीचे असले, तरी परक्या गावी सामानासह झोपणाऱ्याला ते चोरीची भीती घालते. उरते ते जागरण, आणि त्यातून पुढील वाक्य तयार होते : ‘उशीर झाला तरी या, आम्ही जागेच आहोत.’ मूळ ‘यू’मध्ये दडून राहणारा तू-तुम्हीचा प्रश्न ‘या’ने सोडवला आहे, तर ‘आपण’मधला औपचारिकपणा टाळला आहे, आणि ‘जागे’ला लागलेला ‘च’ काढला, तर उरणारे वाक्य पहारेकऱ्याचे वाटते, तो ठेवला की तुमच्यासाठी काही वेगळे कष्ट घेतलेले नाहीत, असा घरगुती संकोच त्यात येतो.

मराठी न जाणणाऱ्या ग्राहकाला असे वाक्य उलट भाषांतरासह, म्हणजे मराठीचा इंग्रजीत शब्दशः अर्थ आणि निवडीचे कारण लिहून, पाठवले जाते. दिवा कुठे गेला, हा प्रश्न बहुधा तेथेच उद्भवतो. दिवा चित्रात, दारावर दाखवता येतो. मात्र रात्री अकरानंतर काउंटरमागे गादी टाकून झोपणाऱ्या पोऱ्याला हलवून उठवावे लागत असेल, तर वाक्य कितीही जमले असले तरी ते वापरता येत नाही आणि शोध लोटलेल्या दारापासून पुन्हा सुरू करावा लागतो.